माझं मत अंब्रिजबाईंना

आमच्या मंडळाच्या वाचनकट्ट्यावर एरवी मराठी पुस्तकांवरच बोलणं होतं. या उन्हाळ्यात मात्र मुलांनी हट्ट धरला आणि हॅरी पॉटरचे सातही भाग आम्ही मोठ्यांनी वाचून काढले. शेवटच्या बैठकीला असं ठरलं, की मालिकेतलं सर्वांत उत्तम लिहिलेलं पात्र कोणतं यावर प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं आणि मग हात वर करून मतं घ्यायची. स्नेपला तीन वकील मिळाले, हर्मायनीच्या बाजूने झाडून सगळ्या मुली. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, "माझं मत डोलोरस अंब्रिजला." एकच गलका झाला. "काकू, तिला? शी!"

ते भाषण संपादकांनी लिहून मागितलं, म्हणून हा लेख.

मी आधी मुलांनाच विचारलं, "व्होल्डेमॉर्टचा जास्त राग येतो की अंब्रिजचा?" सगळे म्हणाले, अंब्रिजचा. आता बघा, व्होल्डेमॉर्टने हॅरीचे आईवडील मारले. अंब्रिज पाचव्या भागात, म्हणजे 2003 साली आलेल्या पुस्तकात, पहिल्यांदा दिसते. गुलाबी कार्डिगन, लहान मुलीसारखा आवाज, बोलण्याआधी घसा खाकरण्याची सवय, खोलीत भिंतभर मांजरीच्या पिल्लांच्या बशा. तरी राग हिचा जास्त. कारण सोपं आहे. व्होल्डेमॉर्ट आपल्याला कधी भेटणार नाही, आणि हिला आपण सगळे कुठल्या ना कुठल्या खिडकीपलीकडे भेटलेलो आहोत.

पण ओळखीचं पात्र म्हणजे उत्तम लिहिलेलं पात्र, असं नव्हे. लेखिकेचं कसब बघायचं असेल, तर बाईंचे फतवे क्रमाने वाचावेत. बावीस क्रमांकाचा हुकूम सांगतो, की मुख्याध्यापकांना शिक्षक मिळाला नाही तर मंत्रालय नेमेल. यात वावगं काय? त्याच वाटेने बाई शाळेत शिरतात. तेविसावा त्यांना इतर शिक्षकांचे वर्ग तपासायचा अधिकार देतो. तपासणी व्हायलाच हवी, असं कुठलाही पालक म्हणेल. मग मुलं गुपचूप जमून स्वसंरक्षण शिकायचं ठरवतात आणि लगेच चोविसावा येतो: तीन किंवा अधिक विद्यार्थी नियमित जमले की तो गट, आणि गटाला परवानगी हवी. या जाळ्यात हॅरीचा क्विडिचचा संघही सापडतो. मॅक्गोनागलबाई वर दाद मागून संघाला परवानगी मिळवतात, तर पंचविसावा हुकूम हजर: शिक्षेच्या बाबतीत शेवटचा शब्द अंब्रिजचा. अठ्ठाविसाव्याला बाई स्वतःच मुख्याध्यापिका होतात.

प्रत्येक हुकमामागे आदल्या आठवड्यात घडलेली एखादी घटना आहे, त्यामुळे कथा कुठेच ओढूनताणून वाटत नाही. सुटा वाचला तर बहुतेक हुकूम चालण्यासारखा वाटतो. नेमकी कुठल्या क्रमांकाला शाळा हातातून गेली, हे मला दोनदा वाचूनही सांगता आलं नाही. वाचकाला हे बोट ठेवता येऊ नये, अशीच ती रचना आहे.

याच क्रमात एक मजेचा प्रसंग आहे. सव्विसावा हुकूम शिक्षकांना आपल्या विषयाबाहेर मुलांशी काही बोलायची बंदी करतो. ली जॉर्डन हा मुलगा बाईंना त्यांचाच नियम ऐकवतो: जुळे भाऊ वर्गात पत्ते खेळताहेत, पण त्याचा तुमच्या विषयाशी संबंध नाही, तेव्हा तुम्ही त्यांना रागावू शकत नाही. आपण हसतो. पुढच्या वेळी ली दिसतो तेव्हा त्याच्या हातातून रक्त येत असतं. बाईंची लेखणी तुम्हाला आठवत असेल. कागदावर लिहावं ते हाताच्या कातडीवर कोरलं जातं आणि शाई म्हणजे आपलंच रक्त. नियम त्यांच्यासाठी नसतो, हे समजवायला लेखिकेने एक रक्ताळलेला हात पुरेसा मानला.

इथे एका बारा वर्षांच्या मुलीने मला अडवलं. "पण काकू, ती तर कायदा मोडते. हॅरीवर डिमेंटर तिनेच सोडले होते आणि शेवटी त्याला छळण्याचा शाप देणार होती. मग ती नियमवाली कशी?" आक्षेप रास्त होता. मी तिला पाचव्या भागातली सुनावणी पुन्हा उघडायला सांगितली. तिथे अंब्रिज लाडिक हसत डंबलडोरना विचारते, की मंत्रालयानेच मुलावर हल्ला करवला असं तुम्हाला सुचवायचंय की काय? सगळं पुस्तक संपत आल्यावर कळतं, हल्ला करवणारी तीच. म्हणजे खरं उत्तर पहिल्याच भेटीत तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही. तिचं प्रेम नियमावर कधी नव्हतंच, ते सत्तेवर होतं. नियम सोयीचा होता तोवर अंगावर घातला. शाप द्यायच्या आधी मात्र ती स्वतःशी पुटपुटते, स्वतःची समजूत घालते. तेवढ्यापुरती ती माणूस दिसते, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते.

सातव्या भागातला प्रसंग तर मला सगळ्या मालिकेत थोर वाटतो. मगल घरात जन्मलेल्या जादूगारांची चौकशी चालली आहे. खाली आरोपी डिमेंटरांच्या गारठ्यात थरथरताहेत. वर अंब्रिजच्या पुढे तिचं पेट्रोनस, एक चमकदार मांजर, येरझारा घालतंय. पेट्रोनस साधायला मनात आनंद लागतो, हे आपण तिसऱ्या भागापासून शिकलोय. याचा अर्थ लक्षात घ्या. त्या खोलीत ही बाई मनापासून सुखी आहे.

दोष आहेत. बेडकासारखा चेहरा देऊन लेखिकेने कुरूप म्हणजे दुष्ट हा जुना सोपा हिशेब वापरला, तो मला पटत नाही. तिचा भूतकाळही पुस्तकांत जवळजवळ नाही. पण तो दिला असता तर आपल्याला तिची कीव आली असती आणि आपण सुटलो असतो.

आणि मला सुटायचं नव्हतं. मी इथल्या एका शाळेच्या ऑफिसात अकरा वर्षं काम केलं. उशिरा आलेल्या मुलाची चिठ्ठी लिहायची, तीन चिठ्ठ्या झाल्या की घरी फोन करायचा. एक आई रात्रपाळी करून यायची आणि मुलगा नेहमी चार-पाच मिनिटं उशिरा. मी तिला फोनवर गोड आवाजात सांगायचे, "आय क्वाइट अंडरस्टँड, पण नियम सगळ्यांना सारखा." ती रडली तेव्हाही माझा आवाज तसाच होता. त्याच सुमारास हे पाचवं पुस्तक घरात आलं. लेक वाचता वाचता म्हणाली, "आई, ही तुझ्या फोनच्या आवाजात बोलते." त्या दिवशी मी तिच्यावर रागावले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारलं, की या मुलाला पंधरा मिनिटांची सूट देता येईल का. ते म्हणाले, "अर्थात. आधी का नाही विचारलंत?" नियमात ती सोय पहिल्यापासून होती. मी पान उलटलं नव्हतं.

भाषण इथे संपलं. मतं पडली: स्नेप नऊ, हर्मायनी सात, अंब्रिज दोन. एक माझं. दुसरा हात त्या बारा वर्षांच्या मुलीचा होता. वर करताना ती म्हणाली, "काकू, मला ती अजूनही आवडत नाही हं."

"मलाही नाही गं," मी म्हटलं.