दूरस्थ सहकाऱ्यांसह कार्यपूर्तीचा आनंद

तिळारी हा महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. धरण दोडामार्ग तालुक्यात, तर कालवे डिचोली, पेडणे व बार्देश तालुक्यांकडे गेलेले. अशा कामावरील माणसे स्वाभाविकच विखुरलेली असतात. एखाद्या शाखा कालव्यात प्रथम पाणी सोडल्यानंतर या सर्वांचा आनंदसोहळा अल्प खर्चात कसा योजावा, याचा येथे विचार करू.

समजा, पथकात २० जण आहेत. १२ डिचोलीस, ५ पेडण्यास आणि ३ पुणे-मुंबईस. शासकीय निधीतून असा खर्च मंजुरीवाचून करता येत नाही. म्हणून प्रत्येकी २५० रुपये ऐच्छिक वर्गणी धरू. जमा ५,००० रुपये. रोजंदारीवरील सहकाऱ्यांकडून वर्गणी घ्यावयाची नसल्यास आकडे त्याप्रमाणे बदलावेत.

नेहमीची चूक अशी की, सारी रक्कम डिचोलीच्या मेजवानीवर खर्च होते आणि दूरचे सहकारी पडद्यावर इतरांचे खाणे पाहात बसतात. प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात हे पाहिले आहे. त्या तिघांपैकी दोघे दहा मिनिटांतच निघून गेले. यावर उपाय म्हणजे वर्गणी नव्हे, तर वाटा माणशी समान ठरविणे. खाद्यपदार्थांस माणशी १५० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये, तीन पार्सलांच्या टपालास ३००, कामाच्या छायाचित्रांच्या प्रतींस ४००, चहा व किरकोळीस ८०० आणि राखीव ५०० रुपये, अशी विभागणी होते.

पदार्थ सर्वांना एकच असावा. खतखते वा पातोळ्या टपालाने पाठविता येणार नाहीत. आले-गुळाचे खाजे मात्र टिकते. पावसाळी दमट हवेत गूळ पाझरून खाजे चिकट होते, म्हणून ते हवाबंद पिशवीत भरून आठ दिवस आधी रवाना करावे व पोहोच मिळाल्याची खात्री करून घ्यावी. पेडण्याचा वाटा रोज ये-जा करणाऱ्या सहकाऱ्यामार्फत पाठविता येईल.

दुसरी अडचण आवाजाची. बारा जण एका खोलीत व यंत्र टेबलाच्या टोकाला असले, की दूरच्यांना केवळ गलका ऐकू येतो. ते उशिरा हसू लागले, की हे ओळखावे. यंत्र मध्यभागी ठेवावे, एका वेळी एकानेच बोलावे आणि आदल्या दिवशी पुण्यातील सहकाऱ्याशी पाच मिनिटे बोलून चाचणी घ्यावी. वीज गेल्यास मोबाइलवर संभाषण पुढे चालू राहील, अशी तजवीज असावी.

कार्यक्रम दुपारी चार वाजता, पाऊण तासाचा पुरे. प्रथम दूरच्या तिघांनी बोलावे. अखेरीस बोलण्याची पाळी आली, तर वेळ संपलेली असते. प्रत्येकाने दुसऱ्या ठिकाणच्या एका सहकाऱ्याचे एक नेमके काम सांगावे. पाण्याची पातळी रात्री मोजणाऱ्या पेडण्याच्या कर्मचाऱ्याचे नाव पुण्याच्या अभियंत्यास बहुधा तेव्हाच प्रथम कळते.