नायटलची बाटली आणि सॉल्व्हंटचा कॅन

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बिडाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधी काही सेकंद एका पातळ द्रवात बुडतो. त्या द्रवाला नायटल म्हणतात. त्यात अल्कोहोल असतं आणि दोन ते पाच टक्के नायट्रिक ॲसिड. चकचकीत पॉलिश केलेला तुकडा त्यात धरला की पर्लाइट काळवंडतो, फेराइट पांढराच राहतो आणि एसजी आयर्न असेल तर ग्रॅफाइटच्या गोळ्यांभोवतीची पांढरी कडी उठून दिसतात. मग पाण्याची धार, अल्कोहोलचा फवारा, गरम हवेचा ड्रायर, आणि पुढचा नमुना.

चाकण, भोसरीतल्या वाहन-सुट्या भागांच्या लॅबमध्येही हेच चालतं. इतकं सवयीचं की नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोल गुण्यागोविंदाने नांदतात, अशी हाताळणाऱ्याची खात्री होऊन बसते. ही खात्री फक्त त्या दोन-पाच टक्क्यांपुरती खरी आहे. ॲसिड इतकं थोडं असताना अभिक्रिया सावकाश होते आणि तिची उष्णता भोवतालच्या अल्कोहोलात विरून जाते. म्हणूनच पाच टक्क्यांहून तीव्र नायटल साठवू नये, आणि पातळ नायटलही लागेल तेवढंच ताजं करावं, बूच घट्ट लावून महिनोन्‌महिने ठेवू नये, असा या व्यवसायातला दंडक आहे. वापरलेलं नायटल फडताळात उघडं राहिलं, अल्कोहोल उडून गेलं, की उरलेल्या द्रवात ॲसिडचं प्रमाण आपोआप वाढतं. हे सहसा कुणी मोजत नाही.

खरा धोका मात्र टाकाऊ द्रवाच्या कॅनमध्ये असतो. त्यात ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धुण्याचं मिथेनॉल असं सगळं दिवसभर ओतलं जातं. संध्याकाळी टेबल आवरताना कुणीतरी नायट्रिकच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं तीव्र ॲसिडही त्यातच रिकामं करतं आणि झाकण फिरवून घरी जातं.

साध्या आगीला हवा लागते, इथे लागत नाही. नायट्रिक ॲसिड हे नुसतं आम्ल नाही, ते ऑक्सिडायझर आहे. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच आहे आणि सॉल्व्हंट हे इंधन आहे. त्यामुळे बंद कॅनमध्येही अभिक्रिया चालू राहते. तिची चालही फसवी असते. अभिक्रियेतून जी नायट्रोजनची ऑक्साइडं आणि नायट्रस ॲसिड तयार होतं, तेच तिला आणखी वेग देतं. म्हणून ओतल्या ओतल्या बहुधा काहीच दिसत नाही. काही मिनिटं, कधी काही तास सगळं शांत असतं, आणि मग द्रव तापतो, बुडबुडे येतात, तपकिरी धूर दिसतो. ‘मी ओतलं तेव्हा काही झालं नव्हतं’ हे वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, अडीच लिटरची काचेची बाटली सॉल्व्हंटने निम्मी भरली आहे आणि तिच्यात 70 टक्के तीव्रतेचं 100 मिलिलिटर नायट्रिक गेलं. त्यात सुमारे 1.6 मोल ॲसिड असतं. दर मोलमागे एक मोल वायू सुटला असं धरलं, तर खोलीच्या तापमानाला तो साधारण 38 लिटर जागा मागेल. बाटलीत रिकामी जागा आहे जेमतेम सव्वा लिटर. म्हणजे वातावरणाच्या तीसपट दाब, आणि तोही उष्णतेचा परिणाम न धरता. तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी काच फुटते. तिच्याबरोबर ज्वालाग्राही सॉल्व्हंट, ॲसिड आणि नायट्रोजन डायऑक्साइड खोलीभर पसरतात. या वायूची खोड वेगळी सांगायला हवी: हुंगल्यावर माणसाला आधी थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी साचू शकतं. बरं वाटतंय म्हणून दवाखान्यात न जाणं महागात पडतं.

ऑक्सिडायझर आणि इंधनाच्या या जोडीचा एक गाजलेला धडा अमेरिकेतला आहे. न्यू मेक्सिकोमध्ये जमिनीखाली साडेसहाशे मीटरवर, मिठाच्या थरात, अण्वस्त्र उद्योगातला किरणोत्सारी कचरा पुरण्याची ‘विप’ नावाची जागा आहे. 14 फेब्रुवारी 2014 च्या रात्री तिथला 68660 क्रमांकाचा पिंप आतल्या उष्णतेने आणि वायूंनी फुटला. तो लॉस अलामॉस प्रयोगशाळेत डिसेंबर 2013 मध्ये भरला होता. त्यातले नायट्रेट क्षार नायट्रिक ॲसिड वापरणाऱ्या प्रक्रियेतून उरलेले होते. ओल शोषण्यासाठी आधी मातीपासून केलेलं, म्हणजे अजैविक, मांजराच्या शौचपात्रात टाकतात ते शोषक वापरत. पुढे लेखी कार्यपद्धतीत ‘ऑरगॅनिक’ शोषक असं आलं आणि गव्हापासून केलेलं शोषक भरलं गेलं. आम्लता मारायला वापरलेलं द्रव्यही ट्रायइथेनॉलअमाइनचं, म्हणजे सेंद्रियच. ऑक्सिडायझर आणि इंधन एका पिंपात बंद होऊन दोन महिन्यांहून जास्त काळ गप्प बसले. किरणोत्सारी कण बाहेर आले आणि ती जागा 2017 च्या जानेवारीपर्यंत कचरा पुरण्यासाठी बंद राहिली.

यावरून वेगळं ठेवण्याची रीत सरळ ठरते. नायट्रिकच्या कचऱ्याला स्वतःची बाटली हवी. सर्वांत सोयीची म्हणजे नायट्रिकचीच रिकामी काचेची बाटली. मिथेनॉल किंवा ॲसिटोनची धुतलेली बाटली घेऊ नये, कारण तळाशी राहिलेले काही मिलिलिटरसुद्धा पुरतात. तीव्र नायट्रिक साध्या प्लास्टिकच्या कॅनलाही कालांतराने ठिसूळ करतं. झाकण वायू बाहेर सोडणारं हवं आणि बाटली तीन चतुर्थांशापलीकडे भरू नये. पहिला थेंब पडण्याआधी लेबल लागलं पाहिजे: ‘नायट्रिक ॲसिड कचरा, ऑक्सिडायझर, सॉल्व्हंट ओतू नये’. ट्रे वेगळा, कपाटही वेगळं. सांडलं तर टिश्यू पेपर किंवा लाकडाचा भुसा नको, वाळू आणि खाण्याचा सोडा चालतो.

नुसतं ‘ॲसिड वेस्ट’ लिहून मात्र भागत नाही, आणि चांगल्या लॅबही इथेच चुकतात. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड हेही ॲसिडच, म्हणून ते बिनदिक्कत त्याच कॅनमध्ये जातं. पण ते सेंद्रिय आहे, त्यामुळे त्याची जागा नायट्रिकपासून लांब. वापरलेलं नायटल तर मुळातच मिश्रण आहे. ते ना सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये जावं, ना नायट्रिकच्या बाटलीत. त्याला स्वतःची लहान, वायू सोडणारी बाटली द्यावी आणि ती लवकर रवाना करावी.

चूक झालीच आणि कॅन कोमट लागला, फुगला किंवा तपकिरी वाफ दिसली, तर झाकण घट्ट करायला जाऊ नये, सैल करायलाही नको, आणि कॅन उचलून बाहेर नेण्याची बहादुरी तर मुळीच नको. खोली रिकामी करावी, दार लावावं, 101 किंवा 112 ला कॉल करावा आणि आत काय आहे हे स्पष्ट सांगावं.

2016 च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. महाराष्ट्रात तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे जातो. तिथे कॅन उघडणाऱ्या कामगाराला आत काय आहे हे आपल्या लेबलावरूनच कळतं. तेव्हा फडताळातल्या बिनलेबलच्या बाटल्या या आठवड्यातच एकदा तपासून घ्याव्यात.