उन्हाळी की जंतुसंसर्ग?

एसटीच्या एखाद्या बाई कंडक्टरला विचारा, ड्युटीवर पाणी किती पिता? उत्तर बहुधा ‘घोटभर’ असंच येईल. पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागतं आणि स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेवायची इच्छा होत नाही. अशीच पस्तिशीची एक बाई समजा. सोमवारी संध्याकाळी लघवीला जळजळलं. ‘उन्हाळी लागली असेल’ म्हणून तिने सब्जाचं पाणी घेतलं, धन्याचं पाणी घेतलं.

उन्हात राबून, कमी पाणी पिऊन लघवी दाट आणि पिवळीजर्द झाली तर थोडी आग होतेच. पोटभर पाणी गेलं की ती काही तासांत निवते. पण हिचं मंगळवारी वाढलं. अर्ध्या-अर्ध्या तासाला घाईची लागे, बसलं की चार थेंब. ओटीपोटात कळ, लघवी गढूळ. ताप मात्र नाही. हे उन्हाळीचं चित्र नाही. हा मूत्राशयाचा जंतुसंसर्ग आहे. अंगावरून जाणं किंवा खाज असती, तर मात्र योनिमार्गाच्या त्रासाची शंका आधी घ्यावी लागली असती.

बहुतेक वेळा यामागे ई. कोलाय हा जंतू असतो. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटरची आणि तिचं तोंड गुदद्वाराजवळ, त्यामुळे त्याला आत शिरायला फार लांब जावं लागत नाही. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट धरतो. अस्तर सुजतं आणि थोडीशी लघवी साठली तरी भरल्याची सूचना द्यायला लागतं.

पाण्याने मोकळे जंतू वाहून जातात, लघवी पातळ होऊन आग कमी होते. चिकटलेले मात्र तिथेच राहतात. म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर, लघवी फिकट दिसेल इतकं पाणी प्यावं, पण तेवढ्यावर भागेल असं धरून चालू नये. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. पाण्याचा खरा फायदा पुढच्या वेळी दिसतो. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर वर्षातल्या खेपा जवळजवळ निम्म्यावर आल्या, असं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.

आता औषध. गोळी सुरू करण्याआधी लघवीचा नमुना द्यावा. पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत, आणि तासाभरात लॅबमध्ये. रुटीनमध्ये पू-पेशी लगेच कळतात. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठली गोळी लागू पडेल ते त्यातच कळतं. तोवर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन देतात, साधारण पाच दिवस, जेवणानंतर. लघवी तपकिरी झाली तर घाबरू नये, तो गोळीचाच रंग. दोन दिवसांत आराम पडतो, तरी कोर्स पुरा करायचा. मेडिकलवाला देतो ते लघवीचं गोड-आंबट सिरप आग शमवतं, पण लघवी अल्कली करून याच गोळीचा जोर कमी करतं. डॉक्टरांना न विचारता दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

आपल्या कंडक्टरबाईंनी यातलं काहीच केलं नाही. घरात उरलेल्या कुठल्याशा अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या, जरा बरं वाटलं, ड्युटीवर गेल्या. शुक्रवारी दुपारी हुडहुडी भरून 102 ताप, उलटी, आणि पाठीत उजवीकडे, शेवटच्या बरगडीखाली ठणका. तिथे हलकं थोपटलं तरी कळवळत होत्या. जंतू मूत्रवाहिनीतून वर चढून किडनीत पोचले होते.

इथे कंबरदुखीची गल्लत होते. वाकल्या-उठल्याने वाढणारी आणि पडल्यावर थांबणारी ती कंबर. किडनीचं दुखणं कुशीत, बहुधा एकाच बाजूला असतं, कूस बदलून फारसं थांबत नाही आणि सोबत ताप असतो. लघवीची जळजळ आधी असेलच असंही नाही.

या टप्प्यावर नायट्रोफ्युरँटॉइनचा उपयोग नाही. ते लघवीत भरपूर उतरतं, किडनीच्या पेशीजालात पुरेसं पोचत नाही. म्हणून बाईंना दवाखान्यात ठेवून शिरेतून अँटिबायोटिक आणि सलाइन द्यावं लागलं, आणि खड्यासारखा अडथळा नाही ना, हे पाहायला सोनोग्राफी झाली. खड्याने वाट अडली असेल तर नुसत्या औषधाने भागत नाही, तुंबलेली लघवी तातडीने काढावी लागते.

थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्यांमुळे गोळी न टिकणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने आणि मधुमेह असणारीने तर नुसत्या जळजळीलाही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.