चौऱ्यांशी पत्रे आणि सात अंश

दुधाच्या पाश्चरायझरमध्ये पातळ, खाचदार स्टेनलेस स्टीलचे पत्रे रबरी गॅस्केटसह एकापुढे एक दाबून बसवलेले असतात. एका फटीतून गार कच्चं दूध जातं, शेजारच्या फटीतून तापलेलं दूध उलट दिशेने येतं. १९२३ साली रिचर्ड सेलिगमन यांनी इंग्लंडमध्ये ही रचना केली. गार दूध तापलेल्या दुधाने तापतं, त्या भागाला डेअरीवाले रिजनरेशन म्हणतात. बहुतेक पत्रे इथेच लागतात.

किती लागतात, ते ताशी ५००० लिटरच्या यंत्रावर पाहू. सेकंदाला साधारण १.४३ किलो दूध. एक किलो दूध एक अंशाने तापवायला ३.९ किलोज्यूल लागतात. दूध ४ अंशांवरून ६७ पर्यंत न्यायचं, म्हणजे ६३ अंशांची चढण. काम झालं सुमारे ३५१ किलोवॉट. पलीकडून ७४ अंशांचं दूध येतं आणि ११ अंशांवर बाहेर पडतं. दोन्हीकडे प्रवाह सारखाच, त्यामुळे तापमानातलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ७ अंशच राहतं. एरवी लागणारी लॉगरिदमची सरासरी इथे काढावीच लागत नाही.

आता एकूण उष्णता-वहन गुणांक, दर चौरस मीटरला दर अंशामागे ३००० वॉट धरू.

A = Q / (U × ΔT) = 351000 / (3000 × 7) ≈ 16.7

एका पत्र्याचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर असेल, तर ८४ पत्रे. टोकाच्या दोन पत्र्यांना एकाच बाजूने दूध लागतं, ते उष्णता देवघेवीत नसतात. म्हणून मागवायचे ८६.

उरलेले ७ अंश गरम पाण्याने चढवायचे, ते काम फक्त ३९ किलोवॉटचं. मग रिजनरेशन ९० टक्क्यांवरून ९५ वर नेऊन तेही निम्मं का करू नये? कारण अंतर ३.५ अंशांवर येतं आणि पत्रे १७७ होतात. साडेएकोणीस किलोवॉट वाचवायला ९३ पत्रे! हा व्यवहार इंधनाच्या दरावर ठरवावा. माझा हात तरी आखडतो.

पत्र्यांवर दुधाची प्रथिनं आणि खनिजं साचली की गुणांक घसरतो. तो २४०० झाला, तर दूध ६७ ऐवजी साडेपासष्टलाच बाहेर येतं आणि तापवण्याचं काम पाचव्या हिश्श्याने वाढतं. ऑपरेटरला हे आधी दिसतं ते गरम पाण्याच्या तापमानात: दूध ७४ वर ठेवायला पाणी जास्त तापवावं लागतं. फटी अरुंद झाल्याने दाबही चढतो.

म्हणून ही घट भरून काढायला आधीच २१ पत्रे जास्त घालावेत, असं वाटतं. पण ते समांतर जोडले तर दूध अधिक फटींत वाटलं जातं, प्रत्येक फटीतला वेग उतरतो, गुणांक आणखी खाली येतो आणि थरही लवकर बसतो. जादा पत्रे घालायचे तर दुधाचे फेरे वाढवावे लागतात, आणि तो दाब पंपाला पेलेल का, हे आधी तपासावं लागतं.