एक-शतांश मिलिमीटरची चूक

स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवून ठेवणारं मायोग्लोबिन हे 153 अमिनो आम्लांचं प्रथिन. जॉन केंड्रू यांनी 1950च्या दशकात क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली आणि या कामासाठी 1962 साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. या साखळीचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग गोल जिन्यासारखा वळत जातो. त्याला आल्फा हेलिक्स म्हणतात. काही प्रथिनांत साखळीचे पदर शेजारी-शेजारी बसून बीटा शीट तयार होतं, तर काहींना ठरावीक घडीच नसते.

प्रथिनाचा स्फटिक बनवायला महिने लागू शकतात. कोणत्या प्रकारची घडी साधारण किती आहे, एवढंच हवं असेल तर सर्क्युलर डायक्रोइझम हे तंत्र तासाभरात उत्तर देतं. त्यात डावीकडे आणि उजवीकडे फिरणारा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश नमुन्यातून आळीपाळीने सोडतात. अमिनो आम्लांना जोडणारे बंध हे दोन प्रकाश किंचित वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि तो फरक घडीवर अवलंबून असतो. हेलिक्सच्या आलेखात 208 आणि 222 नॅनोमीटरला दोन दऱ्या आणि 192च्या आसपास उंच शिखर दिसतं. शीटची एकच दरी 218च्या जवळ असते, शिखर 195च्या. घडी नसलेल्या साखळीची खोल दरी 200च्या थोडी खाली येते.

म्हणजे निवाडा करणारा बराचसा भाग 200 नॅनोमीटरच्या खाली आहे, आणि नेमका तिथेच बफर आड येतो. प्रथिनं ज्या नेहमीच्या खारट बफरमध्ये ठेवतात त्यातलं क्लोराइड या भागातला प्रकाश शोषून घेतं. शुद्धीकरणात वापरलेलं इमिडाझोलही तेच करतं. प्रकाश कमी पडला की यंत्र डिटेक्टरचा व्होल्टेज वाढवत नेतं. बहुतेक यंत्रांत तो 600-700 व्होल्टच्या वर गेला की पुढचा आलेख विश्वासाचा राहत नाही. तो थरथरतो किंवा खोटाच शून्याकडे झुकतो. मग 192चं शिखर खुजं दिसतं आणि संगणक हेलिक्स कमी मोजतो. म्हणून आलेखाबरोबर व्होल्टेजची रेषाही पाहायलाच हवी.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रथिनाचं डायलिसिस करून ते 10 मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये आणणं. मीठ लागणारच असेल तर सोडियम क्लोराइडऐवजी सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम सल्फेट घ्यावं. आम्लधर्मी द्रावणात मात्र फ्लोराइड टाळावं, कारण तिथे घातक हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. डायलिसिसच्या शेवटी बाहेर उरलेलं द्रावण जपून ठेवावं. त्याच क्युव्हेटमध्ये तेच आधी मोजून नमुन्याच्या आलेखातून वजा करायचं असतं.

दुसरा उपाय क्युव्हेटच्या जाडीत, म्हणजे प्रकाश द्रावणातून किती अंतर जातो त्यात आहे. प्रथिनाचा संकेत संहती आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरतो. 1 मिलिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅम प्रथिन घेतलं काय, किंवा 0.1 मिलिमीटरमध्ये 1 मिलिग्रॅम घेतलं काय, संकेत तेवढाच येतो. पण बफर आणि पाण्याचं शोषण दहापट घटतं. म्हणून बफर बदलता येत नसेल तेव्हा पातळ क्युव्हेट आणि दाट नमुना हा मार्ग उत्तम. दाट द्रावणात प्रथिनाचे पुंजके होत नाहीत ना, एवढी खात्री करावी लागते.

पातळ क्युव्हेटची किंमत अचूकतेत मोजावी लागते. समजा, मायोग्लोबिनच्या अशा नमुन्याचं 222 नॅनोमीटरला उणे 21.5 मिलिडिग्री वाचन आलं. एका अमिनो आम्लाचं सरासरी वजन 111.5 धरलं, तर वाचनाला त्याने गुणायचं आणि 10 × 0.01 सेंटिमीटर × 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे 0.1ने भागायचं. प्रति अमिनो आम्ल मूल्य सुमारे उणे 24,000 येतं. रूढ सूत्रानुसार हेलिक्सचा वाटा (24,000 + 3,000) ÷ 39,000, म्हणजे 69 टक्के. आता क्युव्हेट प्रत्यक्षात 0.1ऐवजी 0.09 मिलिमीटर जाड असेल तर मूल्य उणे 26,700च्या घरात जातं आणि हेलिक्स 76 टक्के होतं. एक-शतांश मिलिमीटरने सात टक्क्यांचा फरक! संहती मोजण्यात दहा टक्के चूक झाली तरी परिणाम असाच होतो.

यासाठी छापील जाडीवर विसंबू नये. रिकाम्या क्युव्हेटच्या दोन भिंतींमध्ये परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे शोषणाच्या आलेखात बारीक लाटा दिसतात. त्यांच्या अंतरावरून खरी जाडी काढता येते. संहतीसाठी अमिनो आम्लांचं विश्लेषण सर्वांत भरवशाचं.

एवढं करूनही हे तंत्र हेलिक्स साखळीत कुठे आहे ते सांगत नाही, आणि शीटचा अंदाज हेलिक्सइतका नेमका येत नाही, कारण शीटचे पीळ वेगवेगळे असतात. म्हणून कोणी केवळ टक्केवारी सांगितली तर तीन गोष्टी विचाराव्यात: बफर कोणता होता, जाडी आणि संहती कशी तपासली, आणि आलेख किती नॅनोमीटरपर्यंत खरा होता. त्यांच्याशिवाय त्या टक्केवारीवर निष्कर्ष उभा करू नये.