तेच सूत्र, तीच शिखरे, रेणू मात्र दोन

नखांवरचे पॉलिश पुसायच्या द्रवाला जो गोडसर, फळासारखा वास येतो, तो बऱ्याचदा इथाइल ॲसिटेटचा असतो. त्याचे रेणुसूत्र C₄H₈O₂. मिथाइल प्रोपिओनेट नावाच्या दुसऱ्या एका द्रवाचे सूत्रही तेच. तोही रंगहीन, त्यालाही फळाचाच वास. पहिला सुमारे 77 अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा 80 अंशांच्या जवळपास. लेबल गळून पडलेल्या बाटलीत यांपैकी कोणता द्रव आहे, हे वास घेऊन किंवा उकळून सांगणे जोखमीचे. रसायनशास्त्रज्ञ अशा वेळी प्रोटॉन एनएमआरचा आलेख काढतात आणि त्यावरून रेणूतले अणू कोणत्या क्रमाने जोडलेले आहेत ते ठरवतात. हा आलेख वाचायचा कसा, ते याच बाटलीवरून पाहू.

नमुना फार लागत नाही. पाचदहा मिलिग्रॅम द्रव अर्ध्या मिलिलिटरहून थोड्या जास्त ड्यूटेरिअमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये मिसळतात आणि 5 मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीत भरून जबर चुंबकाच्या पोटात सोडतात. साध्या क्लोरोफॉर्ममधला हायड्रोजन आलेखात स्वतःचेच मोठे शिखर उमटवेल, म्हणून त्याच्या जागी ड्यूटेरिअम असलेले क्लोरोफॉर्म घ्यायचे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, स्वतः एक चिमुकला चुंबक असतो. ठरावीक रेडिओ कंप्रता मिळाली की तो प्रतिसाद देतो. मात्र रेणूतल्या प्रत्येक प्रोटॉनभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे आवरण सारखे नसते. जिथे आवरण दाट, तिथे बाहेरचे चुंबकीय क्षेत्र प्रोटॉनपर्यंत किंचित कमी पोचते आणि प्रतिसादाची कंप्रता थोडी सरकते. हा फरक दशलक्षांश भागांत, म्हणजे पीपीएममध्ये मोजतात. आलेखाच्या उजव्या टोकाला शून्य असते. शेजारच्या ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढले की त्या प्रोटॉनचे शिखर डावीकडे, मोठ्या आकड्यांकडे जाते.

आपल्या बाटलीच्या आलेखात तीन ठिकाणी शिखरे उठली आहेत: 1.26, 2.04 आणि 4.12 पीपीएमला. 7.26 ला एक बारीक शिखर आहे, पण ते क्लोरोफॉर्ममध्ये उरलेल्या साध्या हायड्रोजनचे. ते बाजूला ठेवायचे.

पहिला प्रश्न असतो, कुठे किती हायड्रोजन आहेत. त्याचे उत्तर शिखराच्या उंचीत नसून त्याखालच्या क्षेत्रफळात असते. हे क्षेत्रफळ मोजण्याला इंटिग्रेशन म्हणतात. स्टॅनफर्डमध्ये जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकर्ड यांनी 1951 मध्ये साध्या इथाइल अल्कोहोलचा आलेख प्रसिद्ध केला. त्यात तीन वेगळी शिखरे दिसत होती आणि त्यांची क्षेत्रफळे 1, 2, 3 या प्रमाणात होती: OH मधला एक हायड्रोजन, CH₂ मधले दोन आणि CH₃ मधले तीन. रेणूच्या बांधणीचा हिशेब कागदावर असा सरळ मांडला जाऊ शकतो, हे त्या आलेखाने दाखवले. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचे काम उभे केले.

आता आपले आकडे. समजा, संगणकाने तीन क्षेत्रफळे दिली: 1.26 ला 44.9, 2.04 ला 44.1 आणि 4.12 ला 29.6. या आकड्यांना स्वतःचा काही अर्थ नाही, अर्थ आहे तो त्यांच्या प्रमाणाला. सगळ्यांत लहान आकड्याने भागले की साधारण दीड, दीड आणि एक येते. दीड हायड्रोजन असत नाही, म्हणून दुप्पट करायचे: तीन, तीन, दोन. बेरीज आठ, आणि सूत्रातही हायड्रोजन आठच आहेत. सूत्र हाताशी नसते तर प्रमाण तेवढे कळले असते. खरे हायड्रोजन आठ की सोळा, हे क्षेत्रफळावरून ठरत नाही. क्षेत्रफळात पाचेक टक्क्यांची चूकभूल सहज होते. त्यातच यंत्राने दोन मापनांमध्ये पुरेसा वेळ सोडला नाही, तर सावकाश पूर्वपदावर येणाऱ्या प्रोटॉनांचे शिखर खऱ्यापेक्षा लहान भरते. 2.8 किंवा 3.1 आले तर तीन धरायला हरकत नाही. पण 2.5 आले तर आधी मापन तपासावे.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. 2.04 चे शिखर एकटे, सरळसोट आहे. त्याला सिंगलेट म्हणतात. 1.26 चे शिखर तीन दातांचे आहे, म्हणजे ट्रिप्लेट, आणि 4.12 चे चार दातांचे, म्हणजे क्वार्टेट. हे दात पडतात ते शेजारच्या कार्बनवरच्या प्रोटॉनांमुळे. शेजारचा प्रत्येक प्रोटॉन बाहेरच्या क्षेत्राच्या दिशेने तरी असतो किंवा तिच्या उलट. त्यामुळे मधल्या बंधांतल्या इलेक्ट्रॉनांमार्फत आपल्या प्रोटॉनाला जाणवणारे क्षेत्र किंचित वाढते किंवा घटते.

शेजारी तीन प्रोटॉन असतील तर आठ शक्यता होतात. तिन्ही एका दिशेला असण्याचा प्रकार एकच. दोन एकीकडे नि एक दुसरीकडे, याचे तीन प्रकार. एक एकीकडे नि दोन दुसरीकडे, याचेही तीन. आणि तिन्ही उलट, याचा पुन्हा एक. नळीत असे असंख्य रेणू असल्याने या चारही स्थिती एकाच वेळी दिसतात. म्हणून शिखराचे चार दात होतात आणि त्यांची उंची 1, 3, 3, 1 या प्रमाणात असते. शेजारी दोन असतील तर तीन दात, 1, 2, 1 असे. छंदशास्त्रातला मेरुप्रस्तार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या ओळी ओळखीच्या वाटतील. थोडक्यात, दातांच्या संख्येतून एक वजा केला की शेजाऱ्यांची संख्या मिळते. एकाच कार्बनवरचे सारखे प्रोटॉन मात्र एकमेकांचे दात पाडताना दिसत नाहीत, आणि हा परिणाम सहसा तीन बंधांच्या पलीकडे पोचत नाही.

हे आपल्या आलेखाला लावू. 4.12 ला दोन हायड्रोजन आहेत आणि त्यांना तीन शेजारी. 1.26 ला तीन हायड्रोजन आहेत आणि त्यांना दोन शेजारी. म्हणजे CH₂ आणि CH₃ एकमेकांना लागून आहेत: हा इथाइल गट. ते खरोखर एकमेकांचेच शेजारी आहेत का, याची खातरजमाही करता येते. ट्रिप्लेटच्या दोन दातांमधले अंतर मोजायचे, मग क्वार्टेटच्या. दोन्हीकडे ते सुमारे 7.1 हर्ट्झ भरते. शेजार परस्परांचा असल्याने हे अंतर दोन्हीकडे सारखेच यायला हवे. लहान चुंबकाच्या यंत्रावर तोच आलेख काढला तरी हे हर्ट्झमधले अंतर बदलत नाही. उरला सिंगलेट: तीन हायड्रोजनांचा CH₃, ज्याच्या शेजारच्या अणूवर एकही हायड्रोजन नाही.

C₂H₅ आणि CH₃ वजा केले की सूत्रात एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन उरतात. चार कार्बनांना पूर्ण भरायला दहा हायड्रोजन लागले असते, आपल्याकडे आठ आहेत. म्हणजे रेणूत एक दुहेरी बंध किंवा एक वलय आहे. वलयी डायॉक्सेनचे सूत्रही हेच, पण त्यातले आठही हायड्रोजन सारखे असल्याने त्याचा आलेख म्हणजे 3.7 जवळचे एकच शिखर. ब्युटिरिक ॲसिड असते तर 11 पीपीएमच्या आसपास रुंद शिखर दिसले असते. फॉर्मिक ॲसिडचे एस्टर असते तर 8 जवळ एका हायड्रोजनाचे शिखर आले असते. दोन्ही जागा मोकळ्या आहेत. तेव्हा CO₂ चा हा तुकडा म्हणजे एस्टरचा गट, आणि त्याच्या एका बाजूला मिथाइल, दुसऱ्या बाजूला इथाइल.

इथे खरी मेख आहे. इथाइल ॲसिटेटमध्ये इथाइल ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि मिथाइल कार्बोनिलला. मिथाइल प्रोपिओनेटमध्ये नेमके उलटे. दोघांची क्षेत्रफळे तीन, तीन, दोन. दोघांतही एक ट्रिप्लेट, एक क्वार्टेट, एक सिंगलेट. मोजणी आणि दात, दोन्ही एकसारखे. निकाल लागतो तो शिखराच्या जागेवरून. एस्टरच्या ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवरचे हायड्रोजन 3.6 ते 4.2 च्या टप्प्यात येतात, कार्बोनिलला लागून असलेले 2 ते 2.4 मध्ये. आपला क्वार्टेट 4.12 ला आहे, म्हणजे CH₂ ऑक्सिजनवर. सिंगलेट 2.04 ला आहे, म्हणजे CH₃ कार्बोनिलवर. बाटलीत इथाइल ॲसिटेट आहे. मिथाइल प्रोपिओनेट असते तर क्वार्टेट 2.3 ला घसरला असता आणि सिंगलेट 3.67 ला चढला असता.

बाटली जुनी असेल तर हाच आलेख आणखी काही सांगतो. ओलाव्याने इथाइल ॲसिटेट हळूहळू फुटते आणि इथाइल अल्कोहोल सुटते. त्याचा ट्रिप्लेट 1.25 ला येतो, म्हणजे एस्टरच्या ट्रिप्लेटवर जवळजवळ बसतोच आणि डोळ्यांना वेगळा दिसत नाही. पण क्षेत्रफळ बोलते. सिंगलेट तीन धरल्यावर ट्रिप्लेट 3.3 भरला आणि 3.72 ला 0.2 चा छोटा क्वार्टेट सापडला, तर हिशेब जुळतो: 0.2 CH₂ चे, त्याच्याच जोडीचे 0.3 CH₃ चे. अल्कोहोलच्या CH₂ मध्ये दोन हायड्रोजन, म्हणजे एस्टरच्या एका रेणूमागे अल्कोहोलचा 0.1 रेणू. वजनात ते एस्टरच्या सुमारे पाच टक्के होते. अल्कोहोलच्या OH चे शिखर मात्र भरवशाचे नाही. त्याची जागा नमुना किती दाट आहे त्यावर बदलते आणि ते कुठल्याही शिखराखाली दडू शकते. नळीत थेंबभर जड पाणी घालून हलवले की त्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरिअम येते आणि ते शिखर नाहीसे होते. मग उरलेला 0.3 खरोखर CH₃ चाच आहे, याची खात्री होते.

दातांतून एक वजा करण्याचा नियम मात्र सगळीकडे चालत नाही. सुतारकामातल्या पांढऱ्या गोंदाचा कच्चा माल असलेले व्हिनाइल ॲसिटेट घ्या. त्याच्या दुहेरी बंधावर तीन हायड्रोजन आहेत, तिघेही वेगवेगळ्या जागी. प्रत्येकाला दोन शेजारी, तेव्हा नियमाने तीन दात यायला हवेत, दिसतात चार. कारण दोन्ही शेजाऱ्यांचा परिणाम सारखा नाही: दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूच्या शेजाऱ्याशी अंतर सुमारे 14 हर्ट्झ, त्याच बाजूच्या शेजाऱ्याशी सुमारे 6, आणि एकाच कार्बनवरच्या दोघांमध्ये जेमतेम दीड. इथाइल गटातले बंध स्वतःभोवती मोकळे फिरतात, त्यामुळे शेजाऱ्यांमधला फरक पुसला जातो आणि साधा नियम टिकतो. दुहेरी बंध फिरत नाही. म्हणून चार दात दिसले की क्वार्टेट म्हणण्याआधी त्यांची उंची आणि दोन दातांमधली अंतरे पाहावीत. 1, 3, 3, 1 अशी उंची आणि सारखी अंतरे असतील तर शेजारी तीन. चारही दात जवळपास एकाच उंचीचे आणि अंतरे विषम असतील, तर शेजारी दोन आणि दोघांचा प्रभाव वेगवेगळा.