पाणीटंचाईचा ठराव आणि सोमवारचे पहिले काम

जालना-भोकरदन मार्गावरील राजूर हे गाव तेथील गणपतीमुळे सर्वदूर परिचित आहे. अंगारकी चतुर्थीस येथे मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून भाविक येतात. मात्र या परिसरातील गावांचा नित्याचा प्रश्न आहे तो पाण्याचा. पाऊस मोजका, खाली काळा कातळ, आणि होळी उलटली की विहिरींचे तळ दिसू लागतात. त्यामुळे या भागातील ग्रामसभेच्या इतिवृत्तात एक वाक्य हमखास आढळते : ‘गावातील पाणीटंचाई दूर करण्याबाबत कार्यवाही करणे.’

या वाक्यात उद्देश चांगला आहे, परंतु त्यावरून सोमवारी सकाळी कोणी, कोठे जाऊन, काय करावयाचे याचा बोध होत नाही. सरपंच ते वाचतात, ग्रामपंचायत अधिकारी वाचतात, आणि दोघेही त्याच पानावरील सोप्या कामांकडे वळतात. दाखला देणे, देयक पाठविणे ही कामे त्याच दिवशी उरकतात. मोठे काम मात्र पुढील महिन्याच्या यादीत जसेच्या तसे उतरविले जाते. यात आळसाचा दोष नसतो. कामाच्या यादीत काम लिहिलेलेच नसते, केवळ इच्छा लिहिलेली असते.

उद्दिष्ट मोजता आले पाहिजे

पहिली पायरी म्हणजे हे वाक्य मोजता येईल अशा रूपात मांडणे. उदाहरणासाठी राजूर परिसरातील शंभर घरांची, पाचशे लोकवस्तीची एक वाडी कल्पू या. (येथील आकडे विषय समजावा म्हणून घेतले आहेत, ती एखाद्या प्रत्यक्ष वस्तीची मोजणी नव्हे.) ‘टंचाई दूर करणे’ याऐवजी असे लिहिता येईल : ‘मे अखेरपर्यंत वाडीतील प्रत्येक घरास टँकरविना माणशी दररोज ४० लिटर पाणी मिळावे.’ आता हिशेब करता येतो. पाचशे माणसांना दररोज २०,००० लिटर पाणी लागेल.

चतुर्थीच्या गर्दीसाठी पाणी पुरविणे हे याच गावाचे दुसरे उद्दिष्ट असू शकते. पण ते वेगळे लिहावे. त्याचा दिवस ठरलेला असतो, माणसे बाहेरची असतात आणि गरज एका दिवसाची असते. दोन्ही एका वाक्यात कोंबली की दोहोंचाही हिशेब जमत नाही.

पहिली कृती बहुधा माहिती मिळविण्याची असते

मोठे काम अडून राहते त्याचे कारण पुष्कळदा पैसा नसून एखादी साधी माहिती हाती नसणे हे असते. आपल्या वाडीस पाणी किती कमी पडते हेच ठाऊक नसेल, तर विहीर खोल करावी, दुसरी विहीर घ्यावी की टँकर मागावा यावर सभा कितीही वेळ चालली तरी निर्णय होत नाही.

म्हणून यादीतील पहिली ओळ अशी असावी : ‘पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने शुक्रवारी सायंकाळी पंप बंद केल्यावर आणि शनिवारी सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी विहिरीची पाणीपातळी मोजून वहीत लिहावी.’ यास एक दोरी, एक दगड आणि कठड्यावर रंगाची एक खूण एवढेच साहित्य लागते. दोन्ही वेळा त्याच खुणेपासून मोजावे.

समजा, विहीर गोल असून तिचा व्यास ६ मीटर आहे. अशा विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. रात्रीच्या बारा तासांत पातळी अर्धा मीटर वर आली, तर झऱ्यांनी सुमारे १४,००० लिटर पाणी दिले. दिवसा उपसा चालू असतानाही झरे वाहतात, म्हणून खरी आवक यापेक्षा काहीशी अधिक असेल. परंतु उन्हाळ्याच्या हिशेबात एवढीच धरणे सुरक्षित.

दुसरी कृतीही अशीच लहान आहे. नळाला पाणी सोडलेले असताना गळक्या व्हॉल्व्हखाली १५ लिटरची बादली धरून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. एका मिनिटात भरली, तर तासाला ९०० लिटर आणि चार तासांच्या पुरवठ्यात ३,६०० लिटर पाणी मातीत जाते. म्हणजे घरांपर्यंत २०,००० लिटर पोहोचविण्यासाठी २३,६०० लिटर उपसावे लागेल, आणि विहीर देते १४,०००. तूट ९,६०० लिटरची आहे. व्हॉल्व्ह दुरुस्त होताच ती ६,००० लिटरवर येते.

या दोन मोजण्यांनी प्रश्नाचे रूप पालटले. ‘पाणीटंचाई’ हा मोठा शब्द जाऊन त्याच्या जागी ‘रोजचे सहा हजार लिटर’ एवढे उरले. टँकरने पाणीपुरवठा करताना ग्रामीण भागात माणशी २० लिटरचे प्रमाण धरण्यात येते. त्या मापाने या वाडीस १०,००० लिटर लागतात. तेव्हा व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यास आजच्या आवकेवर टँकरची गरज नाही. मात्र फेब्रुवारीतील आवक मे महिन्यात टिकत नाही. म्हणून हीच मोजणी दर पंधरवड्यास करावयाची, हेही यादीत लिहिले पाहिजे.

यादी कशी दिसेल

आता त्याच इतिवृत्तावरून पुढील यादी तयार होते :

१. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बुधवारी तालुक्याच्या गावाहून मापाचा व्हॉल्व्ह आणावा.

२. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने गुरुवारी तो बसवून पुन्हा बादली धरून पाहावी.

३. सरपंचांनी शनिवारपर्यंत वाडीलगतच्या खाजगी विहिरीच्या मालकांना भेटून विहिरीची रात्रीची आवक मोजण्यास संमती घ्यावी.

४. प्रभागाच्या सदस्यांनी दर पंधरवड्यास सार्वजनिक विहिरीची पातळी वहीत नोंदली गेली आहे की नाही हे पाहून सही करावी.

प्रत्येक ओळीत कोण, काय, कोठे आणि केव्हा हे आहे, आणि काम झाले हे कसे ओळखावयाचे तेही आहे. व्हॉल्व्ह बसविला एवढ्याने दुसरे काम पुरे होत नाही. बादली कोरडी राहिली म्हणजे पुरे झाले.

खाजगी विहीर अधिग्रहित करण्याचा प्रस्ताव या यादीत का नाही, असा प्रश्न पडेल. कारण तो आज करता येत नाही. त्या विहिरीत सहा हजार लिटर आहेत की नाहीत हे तिसऱ्या ओळीनंतर कळेल. पुढील सर्व पायऱ्या आराखड्यात असाव्यात. दररोजच्या यादीत मात्र आज हाती घेता येईल अशीच पायरी असावी. ती संपली की पुढची तिच्या जागी येते. साठ पायऱ्यांची यादी ही एका मोघम वाक्याइतकीच निरुपयोगी असते, कारण तीत आजचे काम शोधावे लागते.

टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत केला जातो. एप्रिल-जूनच्या टप्प्यात लागणाऱ्या उपाययोजनेसाठी वरील मोजण्या फेब्रुवारीतच झाल्या, तर प्रस्तावासोबत आकडे जोडता येतात.

शब्दांतील फसवणूक

काही क्रियापदे कामाचा आभास निर्माण करतात. ‘पाठपुरावा करणे’, ‘लक्ष देणे’, ‘नियोजन करणे’, ‘प्रयत्न करणे’ ही त्यांतील प्रमुख होत. एखादी ओळ खरी कृती आहे की नाही हे पाहण्याची सोपी कसोटी अशी : ते काम करणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो काय? ‘पाठपुरावा’ करणारा माणूस दिसत नाही; दूरध्वनी करणारा, पत्र लिहिणारा, दोरी विहिरीत सोडणारा दिसतो.

तसेच, आपण करावयाचे आणि दुसऱ्याकडून यावयाचे यांची सरमिसळ होऊ देऊ नये. शासकीय कार्यालयांतील सहा गठ्ठा पद्धतीत प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांचे गठ्ठे वेगळे असतात, ते याच कारणाने. व्हॉल्व्ह बसविणे हे आपल्याकडे प्रलंबित आहे. विहीरमालकांचा होकार प्रतीक्षाधीन आहे. प्रतीक्षाधीन ओळीसमोर पुन्हा विचारण्याची तारीख लिहावी, नाहीतर ती ओळ तशीच विसरली जाते.

कडवंचीचा अनुभव

मोठ्या कामातही हीच रीत उपयोगी पडते, याचे उदाहरण जालना तालुक्यातच आहे. कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सहकार्याने काम झाले. या कार्यक्रमाच्या पद्धतीत ‘माती व पाणी अडविणे’ एवढे लिहून भागत नसे. प्रत्येक गटात शेतकरी कुटुंबासमवेत उभे राहून जमिनीचा उतार, मातीची खोली आणि सध्याचा वापर पाहावयाचा, आणि त्या तुकड्यावर कोणता उपचार करावयाचा ते तेथेच ठरवावयाचे. यास नेट प्लॅनिंग म्हणतात. त्यामुळे शिवाराचे काम गटागटाच्या कामांत विभागले जाते, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा क्रमही ठरतो. कडवंची आज शेततळी व द्राक्षबागांसाठी ओळखले जाते.

मर्यादा

कामाचे तुकडे केल्याने झऱ्यात पाणी येत नाही. विहिरीतील गाळ काढला तर साठा वाढतो. आवक मात्र झरे गाळाने बुजलेले असतील तरच वाढते. सर्व मोजण्यांअंती आसपासच्या कोणत्याही विहिरीत सहा हजार लिटर नाहीत असे दिसल्यास टँकरचा प्रस्तावच योग्य ठरतो. परंतु तो मे महिन्यात घागरी रिकाम्या झाल्यावर नव्हे, तर आवक घटत असल्याचे वहीत दिसताच, आकड्यांनिशी पाठविता येतो.

यादी बिघडल्याची खूणही सोपी आहे. एखादी ओळ सलग दोन मासिक सभांत अक्षरही न बदलता पुढे गेली, तर संबंधितास जाब विचारण्यापूर्वी ती ओळच तपासावी. बहुधा तीत अजून एक लहान काम दडलेले असते : कोणाला तरी विचारावयाचे, काहीतरी मोजावयाचे किंवा कोठेतरी जावयाचे. ते काम त्या ओळीच्या जागी लिहावे आणि त्याच्यापुढे नाव व वार घालावा.